सर्च रिपोर्टात न दिसणारा वारस

महोदय,

जमीन घेताना 'वकिलांनी टायटल क्लिअर दिले आहे' एवढ्यावर निश्चिंत होणाऱ्यांसाठी आमचा फोंडा तालुक्यातील अनुभव कळवीत आहे.

चारशे चौरस मीटरचा प्लॉट घेण्यापूर्वी आम्ही सर्च रिपोर्ट घेतला होता. सब-रजिस्ट्रार कचेरीतील मागील तीस वर्षांच्या नोंदी, जमिनीच्या हक्कनोंदीचा एक-चौदाचा उतारा, वडिलांच्या नावाचे जुने विक्रीखत आणि विक्रेत्या दोघा भावांनी दाखवलेले, वारस कोण हे सांगणारे सक्सेशन डीड तपासून, जमीन त्या भावांची व त्यांच्या पत्नींची असून तिच्यावर नोंदणीकृत गहाण नाही, असे मत वकिलांनी दिले होते. विक्रीखतावर चौघांच्याही सह्या झाल्या. वर्षभराने बेळगावहून पत्र आले. या भावांना एक बहीण होती. ती आईवडिलांच्या आधीच वारली होती, पण तिची दोन मुले हयात आहेत. गोव्याच्या कायद्यात मुलगी मुलाइतकीच वारस असते आणि तिच्या पश्चात तिची जागा तिची मुले घेतात. म्हणजे एक तृतीयांश हिस्सा त्या मुलांचा होता आणि तो विकण्याचा अधिकार भावांना नव्हता. पैसे पूर्ण प्लॉटचे देऊन आमच्या हाती आला तो अविभक्त दोन तृतीयांश.

वकिलांना मी दोष देत नाही. सक्सेशन डीड हे निवेदन करणाऱ्यांच्या सांगण्यावरून होते. घरात आणखी कोणी वारस आहे का, याची चौकशी करीत कोणी गावात फिरत नाही. ज्या व्यक्तीचे नाव एकाही कागदात नाही, ती कितीही वर्षांच्या शोधात सापडणार नाही. एक-चौदावरील नावही मालकीचा अंतिम पुरावा नसून, उलट सिद्ध होईपर्यंत खरे धरले जाणारे अनुमान आहे. आमच्या रिपोर्टाच्या शेवटी 'मला दाखविलेल्या कागदपत्रांच्या आधारे' हे शब्द होते. त्यांचा अर्थ आम्हाला फार उशिरा कळला. कागदावर न आलेला, दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा मुंडकार किंवा नोंदणी न झालेला करारही असाच रिपोर्टाबाहेर राहतो. त्यासाठी जागेवर जाऊन शेजाऱ्यांशी बोलावे लागते.

आम्हीही तेव्हा शेजारच्या वाड्यावर एक फेरी मारली असती, तर गोष्ट उघड झाली असती. पत्र आल्यावर तिथल्या एका आजींनी त्या बहिणीचे नाव आणि सासर लगेच सांगितले. खरेदीपूर्वी मराठी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवणे आणि विक्रेत्यांकडून मुलींसह पूर्ण वंशावळ प्रतिज्ञापत्रावर घेणे, ही दोन कामे आम्ही टाळली होती. विक्रीखतात नुकसानभरपाईची अट आहे, पण ती वसूल करायची त्याच भावांकडून, आणि त्यांनी पैसे खर्च केले आहेत.

सध्या त्या मुलांकडून त्यांच्या हिश्श्याचे वेगळे विक्रीखत करून घेण्याची बोलणी चालू आहेत. वकील मंडळींना माझी एक विनंती आहे. वारसांची नावे कोणाच्या सांगण्यावरून घेतली आणि स्वतंत्रपणे पडताळली की नाही, हे रिपोर्टात पहिल्याच पानावर लिहावे.

आपला,
एक वाचक, फोंडा