‘मुळे’ लिहिताना ‘मुले’ होऊ नये म्हणून: विज्ञान व तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय,
विज्ञान व तंत्रज्ञान विभाग, मध्य प्रदेश शासन

सविनय नमस्कार.

मी इंदूरला रामबागेत राहते आणि टायपिंग करून पोट भरते. हिंदी रोजचीच असते. मराठीचे काम मधूनमधून येते, पण आले की महिनोन् महिने पुरते, कारण होळकरांच्या या शहरात जुन्या संस्थांकडे मराठीत लिहिलेल्या वह्यांची कपाटेच्या कपाटे भरलेली आहेत. अशाच एका कामाबद्दल मला आपल्याशी बोलायचे आहे.

एका जुन्या संस्थेची सभासद आणि देणगीदारांची नोंदवही मला आणि माझ्या सोबतिणीला संगणकावर उतरवायची होती. काम देणाऱ्यांनी सांगितले, “फोनेटिकवर करा, पटकन होईल.” म्हणजे इंग्रजी अक्षरांत `mule` टाइप करायचे आणि साधन देवनागरीत जे सुचवेल त्यातले निवडायचे. पहिल्या आठवड्यात खरोखरच काम पटापट झाले. इंग्रजी टायपिंग दोघींनाही येत होते, नवे काही शिकावे लागले नाही.

वही तपासायला संस्थेचे एक वयस्कर काका बसले. तिसऱ्याच पानावर ते थांबले आणि म्हणाले, “ताई, हे गोविंदराव मुले कोण? आमच्याकडे मुळे होते.” मग आम्ही आडनावांचा रकाना अकारविल्हे लावून पाहिला. मुळ्यांचे मुले झाले होते, काही काळ्यांचे काले, एका गोळ्यांचे गोले. गंमत नव्हे, महोदय. त्या वहीत ज्यांच्या आजोबांचे नाव आहे ते उद्या शोधायला आले तर त्यांना ते सापडणार नाही.

ही चूक कशी होते ते नीट सांगते, कारण माझे सगळे म्हणणे तिथेच आहे.

`mule` या चार अक्षरांतून मराठीत मुले होते, मुळे होते, मूलेही होऊ शकते. इंग्रजी `l` मध्ये ल आणि ळ दोन्ही असतात, `n` मध्ये न आणि ण, `t` मध्ये त आणि ट. कोणते अक्षर हवे हे साधनाला ठाऊक नसते. ते शब्दकोश बघून अंदाज करते, आणि काही साधने आपण आधी काय निवडले तेही लक्षात ठेवतात. स्पेसबार दाबला की यादीतला पहिला शब्द जातो. ‘मुले’ हा रोजच्या वापरातला शब्द, त्यामुळे तो वर असतो. शुद्धलेखन तपासणारेही त्याला चूक म्हणत नाही, कारण शब्द शुद्धच आहे, फक्त तो त्या वहीतला नाही.

स्वतःच्या मनातले लिहिणाऱ्याला याचा त्रास नाही. तो पडद्याकडे बघत लिहितो, चुकीचा शब्द आला की लगेच दिसतो. दिवसाला चार ओळी लिहिणाऱ्या कारकुनाला, पत्रे लिहिणाऱ्या शिक्षिकेला, फोनवर निरोप टाकणाऱ्याला फोनेटिकच सोपे, आणि त्यांनी ते जरूर वापरावे. पण आमचे डोळे वहीवर असतात. नक्कल करणाऱ्याने दर शब्दाला मान वर करून यादी वाचायची म्हटली तर वेग तिथेच संपतो. नाही वाचली तर गोविंदराव मुले तयार होतात.

अशा कामाला जुना उपाय म्हणजे एकच मजकूर दोघांनी वेगवेगळा टाइप करायचा आणि दोन्ही जुळवून पाहायचे. जिथे फरक दिसेल तिथे वही उघडायची. आम्ही तेही केले होते. तरी चूक सुटली, कारण आम्हा दोघींना एकाच साधनाने एकच शब्द सुचवला आणि दोघींनी तोच स्वीकारला. दोन्ही प्रती चुकीच्या, पण एकमेकींशी जुळणाऱ्या. दुहेरी टायपिंगचा सगळा आधारच निघून गेला.

उरलेले काम आम्ही इन्स्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीवर केले. मी ती आधी हिंदीसाठी शिकलेली होते. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात, आणि एकदा दाबले की एकच ठरलेले अक्षर. ‘मुळे’ म्हणजे म, उकार, ळ, मात्रा:

```
c  g  N  s
```

यातला N शिफ्ट धरून, कारण ल आणि ळ एकाच कळेवर आहेत, साधा ल आणि शिफ्टने ळ. क-ख, त-थ, प-फ यांचीही तशीच जोडी आहे. यादी येत नाही, निवडायचे काही नसते, डोळे वहीवरून हलत नाहीत. शिफ्ट सुटली तर इन्स्क्रिप्टवरही मुळेचे मुले होतेच, हे मी लपवत नाही. पण ती एका बोटाची चूक आहे. दुसरीचे बोट नेमके त्याच नावावर सुटेल असे सहसा होत नाही, म्हणून प्रती जुळवताना फरक दिसतो आणि आपण वही उघडून पाहतो.

कळांचा हिशेबही इन्स्क्रिप्टच्याच बाजूने जातो. रोमन अक्षरांत प्रत्येक ‘अ’ वेगळा टाइप करावा लागतो, देवनागरीत तो व्यंजनातच असतो. ‘नगरपालिका’ रोमनमध्ये अक्षरागणिक लिहिले तर १२ कळा, इन्स्क्रिप्टमध्ये ९. अंदाज न करणारी, नियमाने चालणारी फोनेटिकही असते, तिथे मोठ्या `L` ला ळ येतो आणि चूक टळते. तिच्याबद्दल माझी तक्रार कमी आहे, पण कळा तिथेही जास्तच लागतात, आणि दिवसभरात बोटांना ते जाणवते.

इन्स्क्रिप्टची अडचण सुरुवातीलाच येते. इंग्रजी टायपिंग येणाऱ्याला पहिले दोन-तीन आठवडे अगदी निरक्षर असल्यासारखे वाटते, वेग पार पडतो. माझ्या सोबतिणीला दहाव्या दिवशी रडू आले होते. जुन्या रेमिंग्टन टाइपरायटरवाल्यांना तर पहिली वेलांटी आधी दाबायची सवय असते, इथे ती व्यंजनानंतर येते, उच्चारतो तशीच. ती सवय मोडायला वेळ लागतो. ज्याला महिनाभराचेच काम आहे त्याने कशाला शिकावे, हेही मला मान्य आहे. ज्याचा हा धंदाच आहे त्याच्यासाठी मी बोलते आहे.

आता आपल्या विभागाकडे येते. संगणक प्रावीण्याची सीपीसीटी परीक्षा राज्याची मॅप-आयटी ही संस्था घेते. तिच्यात हिंदी टायपिंग इन्स्क्रिप्ट किंवा रेमिंग्टन गेल यांपैकी एकावर द्यावे लागते, आणि मिनिटाला २० शब्दांचा वेग लागतो. म्हणजे इन्स्क्रिप्टवर हिंदी टाइप करणारी मुलेमुली या राज्यात आधीपासून तयार होत आहेत. १९९१ च्या भारतीय मानकात हाच आराखडा आहे आणि क, त, प या अक्षरांच्या जागा ब्राह्मीतून आलेल्या भारतीय लिप्यांसाठी सारख्याच ठेवल्या आहेत. मराठीसाठी या मुलांना नवा कीबोर्ड शिकावा लागत नाही. हिंदी इन्स्क्रिप्टवरही ळ शिफ्ट-N वर आहेच.

पण मी ज्या क्लासला गेले तिथे ती कळ कधी दाबायला लावली नाही. हिंदीच्या उताऱ्यात ळ येत नाही, मग सराव कसा होणार? तीच गोष्ट ‘ऱ’ची. ‘दुसऱ्या’ हा शब्द मराठीत रोज लागतो. त्यासाठी शिफ्ट-J, मग हलन्त, मग य. ज्यांना हे ठाऊक नाही ते साधा र वापरून ‘दुसर्या’ लिहितात आणि रफार यच्या डोक्यावर चढतो. काही साधने ‘ऱ्या’चा आकार र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारे चिन्ह घालून तयार करतात. डोळ्याला दोन्ही सारखे, पण संगणकाला ते वेगळे शब्द, म्हणून शोधताना निम्म्या नोंदी सापडत नाहीत.

इन्स्क्रिप्टही या बाबतीत निर्दोष नाही. देणगीदारांत बरेच वकील होते. ‘ॲडव्होकेट’मधला ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, जुन्या आराखड्यात त्याला जागा नव्हती. त्यामुळे अनेक जण अ टाइप करून वर अर्धचंद्र ठेवतात. छापून आल्यावर फरक कळत नाही, शोधताना कळतो. आम्ही शेवटी सगळ्या फाइलीत तो एकाच रूपात बदलून घेतला.

म्हणून आपल्याकडे दोन मागण्या आहेत, दोन्ही आपल्या विभागाच्या हातातल्या. सीपीसीटीत इन्स्क्रिप्ट घेणाऱ्या उमेदवाराला मराठीचा एक ऐच्छिक उतारा द्यावा, ज्यात ळ, ण, ऱ्य आणि ॲ असतील. पात्रतेसाठी नको, प्रमाणपत्रावर वेगळी नोंद झाली तरी पुरे. इंदूर, ग्वाल्हेर, देवास, धार इथल्या मुलांना त्यावर काम मिळेल आणि क्लासवाले तो सराव घेऊ लागतील.

दुसरी मागणी मराठी दस्तऐवजांच्या कामाबद्दल. शासन जेव्हा अशी कामे बाहेर देईल तेव्हा करारात लिहावे की नावे, आडनावे आणि गावे यांची नोंद अंदाज करणाऱ्या फोनेटिक साधनाने करू नये. दुहेरी टायपिंग असेल तर निदान एक प्रत इन्स्क्रिप्टवर असावी, आणि ऱ्य व ॲ कोणत्या रूपात लिहायचे ते कामाच्या आधीच ठरवावे. आम्हाला ते कोणी सांगितले नव्हते, म्हणून तीनदा बदलावे लागले.

सरावासाठी मराठी उतारा तयार करायचा झाला तर मी करून देईन, मोबदल्याशिवाय. माझ्याकडे त्या वहीतल्या चुकलेल्या आडनावांची यादी अजून आहे. तिच्यातले शब्द घातले तरी उमेदवाराची शिफ्टवरची करंगळी चांगली तयार होईल.

आपली,
एक डेटा एन्ट्री ऑपरेटर
रामबाग, इंदूर