विषय: तुमच्या इंटरव्ह्यूच्या मेलमुळे माझ्या बहिणीचा खरा दाखला खोटा ठरवला गेला, त्याबद्दल तक्रार

स्कॉलरशिप विभाग आणि वरचं मॅनेजमेंट,

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनवर चौथ्यांदा बोलून फोन ठेवलाय. "सर, सिस्टीममध्ये डॉक्युमेंट रिजेक्ट दिसतंय, आम्ही काही करू शकत नाही." चारही वेळा हेच वाक्य, म्हणून आता लेखी देतोय. माझी बहीण शॉर्टलिस्ट झालेली आहे, आम्ही किनवटचे, आणि मी स्वतः महा ई-सेवा केंद्र चालवतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

तुमचा मेल आला गुरुवारी संध्याकाळी आणि इंटरव्ह्यू सोमवारी पुण्यात. मेलमध्ये वेळ सकाळी ९:३० आणि त्याच मेलला जोडलेल्या कॅलेंडर फाईलमध्ये दुपारी ३:००. बरोबर साडेपाच तासांचा फरक आहे, म्हणजे फाईल बनवणाऱ्याने टाइम झोन भारताचा न ठेवता यूटीसी ठेवलाय, ९:३० ला साडेपाच मिळवले की ३ वाजतात. शुक्रवारी फोन करून विचारलं कोणती वेळ धरायची, तर उत्तर "मेलमध्ये जी आहे तीच". अहो दोन्ही वेळा मेलमध्येच आहेत! रिस्क नको म्हणून आम्ही सकाळी ८ लाच गेटवर हजर. आणि पॅनल बसलं कॅलेंडरच्या वेळेने. रात्रभर एसटीत बसून आलेली पोरगी ७ तास खुर्चीत बसून राहिली. मेलमध्ये तीन जणांचं पॅनल आणि २० मिनिटं लिहिलेलं, प्रत्यक्षात दोघं होते आणि ८ मिनिटांत "थँक्यू" म्हणून बाहेर. पण तेही सोडा, मूळ तक्रार डॉक्युमेंट तपासणीची आहे.

चेकलिस्टमध्ये लिहिलंय, "उत्पन्नाचा दाखला, सही-शिक्क्यासह ओरिजिनल". महाराष्ट्रात हा दाखला कसा मिळतो हे स्कॉलरशिप चालवणाऱ्या कंपनीला माहीत असायला हवं. अर्ज ऑनलाइन जातो, मंजूर झाला की तहसील कार्यालयातून डिजिटल सही होते आणि पीडीएफ तयार होते. तीच ओरिजिनल. शाईची सही आणि गोल शिक्का त्यावर नसतोच. आपण हातात घेऊन फिरतो ती तिची प्रिंट.

आता तुमच्या टेबलावर काय झालं ते नीट वाचा. कागद तपासणाऱ्या सरांनी दाखला हातात घेतला, खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं आणि तिथे बसलेल्या पंधरा-वीस मुलांसमोर मोठ्याने म्हणाले, "यावरच लिहिलंय बघा, Signature Not Verified. म्हणजे सही खोटी." बहीण म्हणाली, "सर, बारकोड आहे, वेबसाइटवर तपासा ना." तर म्हणाले, "ते आमचं काम नाही." मग मी पुढे झालो, सांगितलं की हे रोजचं आहे, माझंच केंद्र आहे, मी समजावून सांगतो. त्यावर ते हसले आणि म्हणाले, "म्हणजे घरातच छापलाय की! हे सेतूवाले असले कागद बनवूनच देतात." मी हात जोडून म्हणालो की सर, फक्त दोन मिनिटं द्या, मोबाईलवर दाखवतो. त्यांनी दाखला टेबलावरून माझ्याकडे ढकलला आणि पुढच्या मुलाला हाक मारली. बहिणीच्या डोळ्यात पाणी आलं आणि तसंच तिने पुढे इंटरव्ह्यू दिला. सगळ्यांदेखत तिला खोटारडी ठरवलं तुम्ही. हे मी विसरणार नाही.

Signature Not Verified या शब्दांचा अर्थ सांगतो, कारण हे फक्त आमच्या एका दाखल्याचं नाही. पीडीएफ उघडणाऱ्या सॉफ्टवेअरला सही कुणाची आहे ते ओळखायला सीसीएचं, म्हणजे डिजिटल सह्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या भारत सरकारच्या कार्यालयाचं, मूळ प्रमाणपत्र विश्वासू म्हणून आधी माहीत असावं लागतं. ते नसलं की सॉफ्टवेअर पिवळं प्रश्नचिन्ह आणि Signature Not Verified दाखवतं, म्हणजे "मी अजून तपासलेलं नाही" एवढंच. त्याच अवस्थेत प्रिंट मारली की तेच शब्द कागदावर उमटतात आणि कायमचे राहतात. सही झाल्यावर कुणी फाईलमधला आकडा बदलला असेल तर मेसेज वेगळा येतो, लाल फुली आणि सही अवैध असल्याचा. तुमच्या सरांनी न तपासलेलं आणि खोटं हे एकच धरलं.

खरा-खोटा दाखला कागदाकडे बघून कळतच नाही, कारण प्रिंटवर सहीचं नुसतं चित्र असतं. त्यासाठी aaplesarkar.mahaonline.gov.in वर जायचं, दाखल्याचा बारकोड नंबर टाकायचा आणि समोर येणारा दाखला हातातल्या कागदाशी ताडून बघायचा, नाव आणि उत्पन्नाचा आकडा दोन्ही. नुसता नंबर चालला म्हणून सोडायचं नाही, कारण खऱ्या बारकोडवर दुसऱ्याचं नाव टाकून प्रिंट मारणारे महाभागही असतात. एका मुलाला दोन मिनिटं लागतात, ७ तासांत सगळ्यांचं झालं असतं.

आता तुमचा दुसरा मेल म्हणतो की तहसीलदारांची शाईची सही असलेला दाखला ३ दिवसांत आणा. तहसीलला जाऊन विचारलं, ते म्हणाले ऑनलाइन दाखल्यावर आम्ही वेगळी सही-शिक्का करत नाही. मग आणायचा कुठून? दाखल्यावर ३१ मार्चपर्यंत ग्राह्य असं स्पष्ट छापलंय, मुदतीतला दाखला आहे, तरी रिजेक्ट.

प्रवासखर्चाचंही तेच. गुरुवारी मेल आल्यावर नांदेडहून ट्रेन बघितली तर वेटिंग, आणि ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट चार्ट लागेपर्यंत कन्फर्म झालं नाही तर आपोआप रद्द होतं. म्हणून एसटीने गेलो. मेलमध्ये "ट्रेन किंवा बसचं प्रत्यक्ष भाडं, ओरिजिनल तिकिटावर" असं आहे. तिकिटं कुरिअरने पाठवली तर अकाउंट्सवाले म्हणतात हे हाफ तिकीट आहे, म्हणजे लहान मुलाचं, चालणार नाही. एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्ध तिकीट आहे हो! तिने अर्धे भरले म्हणून अर्धेच मागतोय, येऊन-जाऊन हजाराच्या आसपास. आणि कंडक्टरच्या मशीनचा कागद महिनाभरात पुसट होतो, म्हणून मी त्याच दिवशी फोटो काढून ठेवलेत, सोबत जोडतोय.

आमच्या विहिरीवर बाबांनी पहिल्यापासून तुमच्याच कंपनीची मोटर ठेवलीय, बिघडली तरी दुसरी घेतली नाही. तुमच्या नावावर विश्वास होता म्हणून बहिणीला हा फॉर्म भरायला मीच सांगितलं. मला आता तेच जास्त लागतंय.

शुक्रवारपर्यंत दाखला बारकोडने तपासून तिचं रिजेक्शन काढा, तपासल्याचा मेल तिला पाठवा, तिचं भाडं द्या, आणि टेबलावर जे बोलले त्याबद्दल तिची लेखी माफी मागा, माझी नाही, तिची. बाकी शॉर्टलिस्ट मुलांनाही चेकलिस्ट दुरुस्त करून पाठवा, त्या दिवशी अजून दोघांचे दाखले याच कारणाने बाजूला ठेवलेले मी डोळ्यांनी बघितलेत. नाही झालं तर तुमच्या सीएसआर कमिटीतल्या प्रत्येक डायरेक्टरला हेच पत्र दाखल्याच्या पीडीएफसकट जाईल.

सोबत: दाखल्याची मूळ पीडीएफ (प्रिंट नाही, पीडीएफच उघडा), तुमचे दोन्ही मेल, कॅलेंडर फाईल, तिकिटांचे फोटो.

किनवट, जि. नांदेड