भाषणात काय बोलले ते सांगते

दोस्ता,

काल रात्री आपल्या पिक्चरचा शो झाला, देवळासमोरच्या पटांगणात, आणि तू विचारतोयस की भाषणात नेमकं काय बोललीस, तर ते फोनवर नीट सांगता येणार नाही म्हणून लिहूनच पाठवते.

गावातल्या ज्यांनी शूटला मदत केली त्यांचे आभार पिक्चरच्या आधीच मानायचे असं ठरवलं होतं. नंतर कोण थांबतंय, पोरं झोपलेली असतात, लांबच्या वाडीतल्यांना अंधारात घर गाठायचं असतं. आणि आधी सांगितलं की लोक पिक्चर बघताना ते काम शोधत बसतात, मला तेच हवं होतं. कमिटीवाले म्हणत होते शाल-श्रीफळ करूया, मी हात जोडून नको म्हटलं. पंचवीस-तीस माणसं, एकेकाला स्टेजवर यायला आणि फोटोला एक मिनिट जरी धरलं तरी अर्धा तास तिथेच संपला असता. मी म्हटलं, बसल्या जागी हात वर करा, आणि नुसतं 'सगळ्यांचे आभार' न म्हणता कोणी काय केलं आणि ते पिक्चरमध्ये कुठे दिसेल तेवढंच सांगितलं, चारेक मिनिटांत आटपलं.

सुरुवात शेजारच्या काकींपासून केली. आई रात्री एकटी बसलेली असते तो सीन आठवतोय ना, तो त्यांच्या माजघरात शूट केलेला. माणसाच्या कानाला फ्रीजचा आवाज सवयीने ऐकूच येत नाही पण माईक तो सोडत नाही, आणि मध्येच कॉम्प्रेसर बंद झाला तर कट जोडताना एका शॉटला घरघर आणि पुढच्याला नाही असं होतं. म्हणून फ्रीज बंद करायला लागायचा, आणि काकींच्या फ्रीजमध्ये बाजारात न्यायची सुरमई! तर मी माझ्या स्कूटरची चावी फ्रीजमध्येच ठेवायचे, म्हणजे फ्रीज चालू केल्याशिवाय मला घरी जाताच येणार नाही. हे ऐकून लोक जाम हसले. मग मी सांगितलं की शूट संपल्यावर एक मिनिट सगळे पुतळ्यासारखे उभे राहायचे आणि आम्ही त्या रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करायचो, कारण दोन वाक्यांमधली फट एकदम सुन्न केली तर कानाला खटकतं, तिथे तोच आवाज भरायला लागतो. त्या मिनिटात खळ्यातली पोरंसुद्धा गप्प बसवणाऱ्या काकी होत्या. त्या मागून ओरडल्या, "मिया काय केलंय गो त्यात, फ्रीज तर बंद केलंय!" मी म्हटलं, काकी, तो सीन ऐका आणि मग सांगा.

दुसरे आमचे तात्या, होडीवाले. मला होडी ओढायच्या सीनला लांबच लांब ओली वाळू हवी होती आणि वर संध्याकाळचं ऊन. मी अष्टमीला कॅमेरा घेऊन निघाले होते, तर तात्यांनी दारातच अडवलं, म्हणाले आज भांगाची ओहोटी, पाणी फार मागे जायचं नाही, आणि संध्याकाळी तर भरतीच असेल, अमावास्येला ये. आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारच्या सुमाराला आणि ओहोटी संध्याकाळी येते, शिवाय उधाण असल्यामुळे ओहोटीला पाणी खूप मागे जातं, म्हणजे वाळू आणि ऊन दोन्ही एकाच वेळी मिळतं. पण ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे दोन-तीन दिवसांत ती अंधारात जाते. राहिलेले शॉट आम्ही पौर्णिमेपर्यंत थांबून घेतले, म्हणून पडद्यावर तो सगळा एकाच संध्याकाळचा वाटतो. मी लोकांना म्हटलं, होडी येईल तेव्हा पायाखालचं पाणी बघा, ते जुळलंय ते तात्यांमुळे. तात्यांनी हात वर केला नाही, पण शेजारच्या पोराने त्यांचा हात धरून वर केला.

बाकीच्यांचं भराभर घेतलं, जेवण, जनरेटर, थर्माकोलचा रिफ्लेक्टर धरून उन्हात उभी राहिलेली कॉलेजची पोरं. तुझं नाव घेतलं तेव्हा आई सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होती.

आता तुझ्याकडे एक काम आहे. शेवटी नावं आली तेव्हा लोक एकेक नाव मोठ्याने वाचत होते, आणि प्रत्येक नावाला टाळी! म्हणजे थिएटरच्या हिशोबाने लावलेला वेग इथे चालत नाही, वाचेपर्यंत पुढचं नाव वर सरकतं. तो रोल दुप्पट वेळेचा कर, अक्षरं थोडी मोठी घे, आणि खाली गाण्याऐवजी समुद्राचाच आवाज राहू दे. स्पेलिंग मी प्रत्येकाला घरी जाऊन विचारून घेतलंय, कोणाला आडनावाआधी वडलांचं नाव हवंय, कोणाला घरचंच नाव हवंय, यादी सोबत जोडलीये, त्यात काही बदलू नकोस. पुढच्या शनिवारी खालच्या वाडीतल्या शाळेत शो आहे, गुरुवारपर्यंत फाइल पाठव.

तुझीच