वयावरून पॅड पाठवू नका: ज्युनियर क्रिकेट किटच्या मापांबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ज्युनियर क्रिकेट किट विभाग

विषय: किटमधले पॅड, थाय पॅड आणि एल-गार्ड मापात न बसणारे आल्याबद्दल व ते बदलून देण्यास नकार दिल्याबद्दल

महोदय,

माझ्या मुलासाठी तुमच्या संकेतस्थळावरून ‘यूथ’ मापाचं किट मागवलं होतं. बिल आणि टेप लावून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत. मुलगा 12 वर्षांचा आहे, उंची 4 फूट 10 इंच, कंबर 25 इंच, अंगाने किरकोळ. यंदापासून तो लेदर बॉलवर खेळायला लागला आहे, म्हणून त्याला स्वतःचं किट हवं होतं. तुमच्या पानावर मापाच्या नावाखाली एकच ओळ आहे: ‘वय 12 ते 14 – यूथ’. त्या ओळीप्रमाणे मागवलेल्या तीन वस्तूंपैकी एकही त्याला होत नाही. तुमच्या कस्टमर केअरच्या बाईंनी सांगितलं, ‘मुलं वाढतात, एक साईज मोठी असलेली बरी, दोन वर्षं चालेल.’ हे उत्तर मला मान्य नाही. का, ते नीट लिहिते, कारण हा प्रश्न माझ्या एकटीच्या ऑर्डरपुरता नाही.

आधी पॅड. पॅडचं माप वयावर नसतं आणि उंचीवरही नसतं. ते असतं गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापासून पायाच्या चवड्यावरच्या उंचवट्यापर्यंत, म्हणजे बुटाची जीभ जिथे वळते तिथपर्यंत. मी शिवणकाम करते, माझ्या हातात दिवसभर टेप असते. मुलाला खेळायचे बूट घालून, स्टान्स घेतात तसा गुडघा किंचित वाकवून उभं केलं आणि माप घेतलं. ते साडेचौदा इंच भरलं. मग तुमचं पॅड टेबलावर आडवं ठेवून खालच्या खाचेपासून, म्हणजे बुटावर टेकणाऱ्या भागापासून, नी-रोलच्या, म्हणजे गुडघ्यासमोरच्या आडव्या गाद्यांच्या, मधल्या पट्टीपर्यंत मोजलं. ते सोळा इंच आहे. बाजारात साडेचौदा इंचाच्या पायाला साधारणपणे ‘बॉईज’ माप देतात आणि पंधराच्या पुढे ‘यूथ’ सुरू होतं. कंपनीगणिक अर्धा-पाऊण इंच इकडेतिकडे होतं, म्हणूनच प्रत्येक कंपनीने आपली मापं इंचात द्यायला हवीत.

दीड इंचाचा फरक ऐकायला थोडा वाटतो. पण पॅड खाली बुटावर टेकलेलं असतं. जास्तीची लांबी खाली जायला जागाच नाही, ती सगळी वरच चढते. मुलाच्या पायावर पॅड बांधलं की नी-रोलची मधली पट्टी गुडघ्याच्या दीड इंच वर, मांडीवर येते. पॅड वाकतं ते नी-रोलच्या आडव्या शिवणींवर, कारण नडगीवरचा भाग उभ्या दांड्यांचा आणि ताठ असतो. शिवणी गुडघ्यासमोर आल्या की गुडघा आणि पॅड एकत्र वाकतात. आमच्याकडे गुडघ्यासमोर तो ताठ भागच येतो. त्यामुळे पुढे पाय टाकून ड्राइव्ह मारताना मुलाचा गुडघा पुरता वाकत नाही, आणि जोर करून वाकवला तर पॅडचं वरचं टोक मांडीपासून सुटून पुढे उभं राहतं. बॅट खाली येताना वरच्या हाताचा ग्लोव्ह त्याच टोकाला अडतो. सोबतच्या दुसऱ्या फोटोत हे स्पष्ट दिसेल.

आतली बाजूही पाहा. गुडघ्यासाठी पॅडच्या आत जी जाड गादी शिवलेली असते, तिच्या मधल्या खोलगट जागेत वाटी बसायला हवी. इथे वाटी त्या गादीच्या खालच्या कडेवर येते. म्हणजे नेमका गुडघ्यावर चेंडू बसला तर गादीचा आधार मिळायचा तसा मिळणार नाही. पट्ट्यांचंही तसंच. गुडघ्यामागची पट्टी मांडीच्या बारीक भागावर गेली आहे, शेवटपर्यंत ओढूनही सैल राहते, आणि घरातल्या घरात धावून पाहिलं तरी पॅड फिरून बाजूचा पंख समोर येतो. त्याला धावताना पाय फाकवून धावावं लागतं. ज्या मुलाने चोरटी रन घ्यायला शिकायचं, तो पॅड सावरत बसतो.

आता थाय पॅड. त्याचं माप पुन्हा वेगळ्याच जागी आहे. कंबरेचा पट्टा किती आवळता येतो हे एक, आणि पट्ट्यापासून पायाच्या पॅडच्या वरच्या टोकापर्यंत मांडीवर जागा किती उरते हे दुसरं. मुलगा उजव्या हाताने खेळतो, म्हणून डाव्या मांडीवर मोजलं. पट्टा जिथे बसतो तिथून गुडघ्याच्या मध्यापर्यंत साडेसोळा इंच. तुमच्या पॅडचा नी-रोलच्या वरचा भाग साडेपाच इंच, आणि पॅड मुळातच दीड इंच वर चढलेलं, म्हणजे मांडीचे खालचे सात इंच पॅडनेच व्यापले. थाय पॅडला उरले साडेनऊ. तुम्ही पाठवलेलं थाय पॅड तेरा इंच लांब आहे. साडेतीन इंच ते पॅडच्या आत घुसतं. एखादा इंच आत गेला तर चांगलंच, तेवढा हवाच, नाहीतर मधे उघडी फट राहते आणि चेंडू बरोबर तिथे लागतो. पण साडेतीन इंच गेले की दोन ताठ वस्तू एकमेकींवर बसतात. स्वीप मारायला तो खाली बसला की पॅड थाय पॅडला वर ढकलतं आणि त्याची वरची कड पोटात रुतते.

कंबरेच्या पट्ट्याची गंमत नाही, तो प्रश्न गंभीर आहे. पाकिटावर ‘कंबर 28 ते 32’ असं छापलंय. ही माहिती पाकिटावर आहे, संकेतस्थळावर नाही! 25 इंचाच्या कंबरेवर पट्टा ओढला की वेल्क्रोचा काटेरी तुकडा मऊ पट्टीच्या पुढे निघून जातो आणि नुसत्या इलॅस्टिकवर येतो. तिथे तो धरत नाही. घरात जरा हालचाल केली तरी सुटतो आणि थाय पॅड खाली घसरतं. मी पट्टा कापून वेल्क्रो मागे शिवू शकते, मला ते अवघड नाही. पण मग वस्तू वापरलेली ठरेल म्हणून हात लावलेला नाही. शिवाय ज्या घरात शिलाई मशीन नाही त्यांनी काय करायचं?

तिसरी वस्तू एल-गार्ड, म्हणजे जांघेत घालायचं कवच, आणि मुलं याविषयी बोलायला लाजतात म्हणून इथे माझा आवाज जरा चढेल. किटमध्ये आलेल्या गार्डच्या पाकिटावर ‘फ्री साईज’ लिहिलं आहे. एल-गार्डला फ्री साईज असू शकत नाही. गार्डचं काम असं, की चेंडूचा मार कवचाच्या कडेने पसरून वरच्या हाडावर आणि आजूबाजूला जावा, आत जाऊ नये. त्यासाठी कड सगळीकडून अंगाला सपाट टेकायला हवी. घट्ट चड्डीत गार्ड बसवून वरून तळहाताने दाबलं, तर ते डुगडुगता कामा नये. आम्ही बदलून मिळावं म्हणून शॉर्टच्या वरूनच धरून पाहिलं, तेवढ्यातही कळलं की रुंदी त्याच्या दोन मांड्यांमधल्या जागेपेक्षा जास्त आहे. पाय जवळ आले की मांड्या कडेला ढकलतात आणि गार्ड तिरकं होतं. एक बाजू उचललेल्या गार्डवर चेंडू बसला तर दुसरी कडच अंगात घुसते. गार्ड नसण्यापेक्षा हे बरं, एवढंच म्हणता येईल.

स्वच्छतेच्या कारणाने गार्ड परत घेत नाही, हा तुमचा नियम मला पटतो. दुसऱ्याने वापरलेलं गार्ड मीही माझ्या मुलाला देणार नाही. पण परत घ्यायचं नसेल तर विकण्याआधी कवचाची आतली लांबी-रुंदी लिहिणं तुमचं काम आहे. दोन्हीकडून ग्राहकानेच भोगायचं, हे चालणार नाही. आणि आमच्या गार्डचं सील फोटोत दिसतंय तसं अजून अर्धं शाबूत आहे.

‘वाढत्या अंगाचं’ या उत्तराकडे येते. परकर वाढत्या अंगाचा शिवताना टीप घालून खाली दुमडता येतो, पॅडला तशी टीप घालता येत नाही. वाढीला जागा ठेवायची ती मापाच्या आत: साडेचौदा इंचाच्या पायाला चौदा ते पंधराचं पॅड घेतलं की अर्ध्या इंचाची वाढ त्यात मावते. त्यापुढे माप बदलायचं. या वयात मुलांचे पाय आधी लांब होतात, धड मागून भरतं. त्यामुळे पुढच्या वर्षी माझ्या मुलाला पॅड कदाचित ‘यूथ’चं लागेल आणि कंबर मात्र 25-26 वरच असेल. याउलट वर्गातला एखादा गुटगुटीत मुलगा आखूड पायाचा पण 30 कंबरेचा असतो. त्याला बॉईजचे पॅड आणि यूथचं थाय पॅड लागेल. तिन्ही वस्तू एकाच शिक्क्याखाली एकाच पेटीत विकायच्या, हीच मूळ चूक आहे. तुमच्या ज्युनियर किटमध्ये वस्तूनिहाय माप निवडण्याची सोयच नाही.

माझी मागणी अशी. पॅड आणि थाय पॅड ‘बॉईज’ मापात बदलून द्यावेत. नेण्या-आणण्याचा खर्च तुमचा. दोन्ही वस्तू फक्त घरात बांधून पाहिल्या आहेत, मैदानावर नेलेल्या नाहीत, पट्ट्या आणि तळ कोरे आहेत. ‘पट्ट्या उघडल्या म्हणून परत घेणार नाही’ हे तुमच्या प्रतिनिधीचं कारण टिकणारं नाही, कारण पट्ट्या न उघडता पॅड बांधून पाहता येत नाही. एल-गार्ड मुलांच्या मापाचं पाठवावं किंवा त्याचे पैसे द्यावेत. आणि संकेतस्थळावरची वयाची ओळ काढून तिथे गुडघ्याच्या वाटीपासून बुटापर्यंतचं माप, कंबर, थाय पॅडची लांबी आणि गार्डची रुंदी इंचात द्यावी, शक्य असल्यास माप कुठून कुठे घ्यायचं याच्या चित्रासह.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि तिचं निवारण एका महिन्यात व्हायला हवं. जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेली वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. ‘12 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी’ असं सांगून विकलेलं किट 12 वर्षांच्या सर्वसाधारण उंचीच्या मुलाला होत नाही, हे मी मापांसह दाखवलं आहे. मुदतीत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवेन आणि गरज पडल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

मुलाचे सामने दिवाळीनंतर सुरू होतात. तोवर तो अकादमीतलं जुनं किट वापरतोय. बदललेलं सामान त्याआधी पोहोचेल अशी व्यवस्था करावी. कुरिअर घ्यायला येण्याआधी फोन करावा, मी दुकानात असते, घरी माणूस थांबवावा लागेल.

आपली,
एक ग्राहक, नाशिक

सोबत: बिलाची प्रत, पायाच्या, कंबरेच्या व पॅडच्या मापांचे फोटो, पाकिटांवरील छापील मजकुराचे फोटो