मा. शालेय शिक्षणमंत्री, पेपरच्या फोटोसोबत मार्किंग स्कीम पण द्या ना

साहेब, नमस्कार.

मी देवगड तालुक्यातली, बारावी सायन्सची विद्यार्थिनी. प्रीलिमला फिजिक्समध्ये ७० पैकी ३८ पडले. सरांनी तपासलेले पेपर दाखवले, फोटो काढू दिले. पण वर्गातल्या ट्यूबलाईटची चमक पानावर आली आणि समासातले लाल पेनाचे अर्धे-एक मार्क दिसेचनात, म्हणून दुसऱ्या दिवशी परत पेपर मागून बाहेर व्हरांड्यात उजेडात, वरून सरळ धरून, प्रश्न नंबर आणि समास दोन्ही येतील असे काढले.

एक गणित सांगते, ३ मार्कांचं. तार ०.८ मीटर, ताण ६४ न्यूटन, एका मीटरचं वस्तुमान १० ग्रॅम, मूळ फ्रिक्वेन्सी आणि पहिला ओव्हरटोन काढा. सूत्र n = (1/2L)√(T/m). मला ३ पैकी अर्धा! तरंगांचा धडाच मला येत नाही असं समजून मी दोन रात्री तोच परत वाचत बसले.

मग सरांकडे त्यांची मार्किंग स्कीम मागितली, त्यांनी दिली. पडवीत बसून फोटो आणि स्कीम शेजारी ठेवून ओळ-ओळ लावली. सूत्राला अर्धा, तो मिळालेला. किमती SI मध्ये भरायला अर्धा, तो गेला, कारण मी १० ग्रॅमचे ०.०१ किलो केलेच नव्हते. मूळ फ्रिक्वेन्सीला एक, तो पण त्याच चुकीत गेला, ५० हर्ट्झ यायला हवे तिथे माझे १.५८ आलेले. ओव्हरटोन दुप्पट असतो हे लिहायला अर्धा आणि त्याच्या उत्तराला अर्धा, माझं उत्तर १०० च्या जागी ३.१६ म्हणून तोही गेला. म्हणजे दोन मार्क एका ग्रॅमने खाल्ले, धडा मला येत होता!

राहिला दुप्पटवाला अर्धा. ती ओळ मी पान उलटून मागे लिहिलेली आणि तिच्यावर लाल खूणच नाही. म्हणजे दिसलीच नसणार. सरांना फोटो दाखवला, त्यांनी लगेच वाढवून दिला. पण चुकलेली किंमत पुढे बरोबर वापरली तर मार्क द्यायचा का, हे स्कीममध्ये नव्हतंच, त्यामुळे ३.१६ चा अर्धा मी मागितला नाही.

साहेब, स्कीम नसती तर यातलं काहीच कळलं नसतं. बोर्डाच्या निकालानंतर छायाप्रत मिळते, ती मिळाल्यावर रीव्हॅल्युएशनला अर्ज करायला मोजकेच दिवस असतात, आणि तेवढ्यात मुलाने ठरवायचं की चूक आपली की तपासणाऱ्याची. नुसत्या लाल आकड्यावरून कसं ठरवणार? सीबीएसई मार्किंग स्कीम वेबसाईटवर टाकते. आपल्याकडे पण छायाप्रतीसोबत त्या विषयाची स्कीम द्या, अर्ध्या-अर्ध्या मार्काच्या फोडीसकट, आणि चुकलेली किंमत पुढे वापरली तर काय करायचं तेही त्यात लिहा. कॉलेजांना प्रीलिमसाठी हेच करायला सांगा, फेब्रुवारीच्या आधी चूक सुधारायला वेळ मिळतो.

आपली,
बारावीची एक विद्यार्थिनी, देवगड