तक्रार : ओटी लिस्टच्या सॉफ्टवेअरमध्ये एका ऑपरेशनला एकच वेळ, आणि त्यावरून तुमच्या सपोर्टने दिलेले उत्तर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा व उत्पादन विभाग

तुमच्या सपोर्टशी आजचा फोन अर्ध्यावर ठेवला. त्यानंतर हे पत्र थेट तुम्हाला लिहीत आहोत. तुमची ओटी लिस्टची स्क्रीन कशी चालते हे तुम्हाला माहीत आहेच, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

तुमच्याकडे प्रत्येक ऑपरेशनला एकच रकाना आहे : 'कालावधी'. त्यात सर्जन जे मिनिट सांगतो ते बसते, म्हणजे छेद घेतल्यापासून शेवटचा टाका पडेपर्यंतचा वेळ. पण भूलतज्ज्ञ रुग्ण टेबलावर आल्यापासून तो रिकव्हरीच्या सिस्टरच्या ताब्यात जाईपर्यंत अडकलेला असतो. आणि खोली अडकलेली असते ती रुग्ण आत आल्यापासून सफाई होऊन पुढची ट्रॉली लागेपर्यंत. तीन माणसांचे तीन वेगळे हिशेब तुम्ही एका आकड्यात कोंबले आहेत. पुढचे सगळे बिघाड तिथून सुरू होतात.

या आठवड्यातली एका ओटीची यादी घ्या. वेळ सकाळी ८ ते दुपारी ४, म्हणजे ४८० मिनिटे. सहा वर्षांच्या मुलाचा हर्निया ४० मिनिटे, दुर्बिणीने पित्ताशय काढण्याच्या दोन केसेस प्रत्येकी ७०, पोटाच्या जुन्या टाक्यातला हर्निया जाळी बसवून ९०, आणि मधुमेही रुग्णाच्या पायातला पू काढून जखम साफ करणे ४०. बेरीज ३१०. त्यात चार सफाया, प्रत्येकी १० मिनिटे. तुमचे सॉफ्टवेअर सांगते की यादी १:५० ला संपली, दोन तास दहा मिनिटे रिकामी आहेत. रिसेप्शनने त्या रिकाम्या जागेत सहावी केस टाकली. त्यात त्यांची चूक नाही. स्क्रीनवर जागा हिरवी दिसत होती.

आता खरा हिशेब. भूल देणे, पोझिशन, पेंटिंग, ड्रेपिंग मिळून सरासरी २५ मिनिटे, आणि टाक्यानंतर रुग्ण जागा करून बाहेर नेईपर्यंत १५. प्रत्येक केसमागे ४०, पाच केसेसचे २००. म्हणजे सफाई धरण्याआधीच ५१० मिनिटे. चार सफायांचे प्रत्यक्षातले प्रत्येकी २० प्रमाणे ८० धरले की ५९०. यादी चारला संपत नाही, ५:५० ला संपते, आणि तीही क्रम योग्य लावला तर.

क्रमाबद्दल तुमच्या प्रतिनिधीने जे सांगितले ते आम्ही जसेच्या तसे देतो, कारण व्यवस्थापनाने ते वाचायला हवे. सॉफ्टवेअरने 'मधुमेही आधी' हा नियम लावून पायाची केस दुसऱ्या नंबरवर टाकली होती. त्यामागे दोन्ही पित्ताशये लागोपाठ, आणि जाळीचा हर्निया शेवटी. हा क्रम हाताने बदलला की सॉफ्टवेअर सेव्ह करताना पुन्हा जुना क्रम लावते. याबद्दल विचारले तर उत्तर आले, "मॅडम, क्रम बदलून काय होणार? केसेस त्याच, बेरीज तीच." आम्ही समजावू लागलो तर मध्येच तोडून विचारले, "तुमचे सफाईवाले स्लो आहेत का? बाकी हॉस्पिटलं दहा मिनिटांत करतात." थोडे थांबून : "तुम्ही स्टाफला ट्रेनिंग द्या, सिस्टीम बरोबर आहे."

बेरीज तीच राहत नाही. तुमचा क्रम खऱ्या वेळांनी चालवून पाहा. मूल ९:२० ला बाहेर, पाय ९:४० ते ११. पुवाच्या केसनंतर साधी सफाई चालत नाही, टेबल, लाइट, भिंतीचा हाताला लागणारा भाग, पूर्ण फरशी असे ४५ मिनिटे जातात. ११:४५ ला पहिले पित्ताशय, टाके १:२०, रुग्ण बाहेर १:३५. लॅप्रोस्कोपीचा सेट आमच्याकडे एकच आहे, ही माहिती तुमच्याच 'उपकरणे' पानावर भरलेली आहे. तो धुणे, वाळवणे, पॅक करणे, ऑटोक्लेव्हचे चक्र आणि थंड होणे मिळून दोन तास लागतात. दुसरे पित्ताशय ३:२० आधी आत घेता येत नाही. खोली १:५५ ला तयार होऊन ८५ मिनिटे रिकामी बसते. शेवटची केस संध्याकाळी ७:४० ला बाहेर येते.

आमचा क्रम : मूल आधी, कारण लहान मुलाला उपाशी जास्त ठेवता येत नाही. मग पित्ताशय, मग जाळीचा हर्निया, मग दुसरे पित्ताशय, शेवटी पाय. हर्निया चालू असताना सेट धुऊन तयार होतो आणि खोली कुठेच थांबत नाही. ५:५० ला काम संपते. त्याच पाच केसेस, एक तास पन्नास मिनिटांचा फरक. शिवाय पू काढलेल्या खोलीत नंतर जाळी बसवायची वेळ येत नाही. जाळीला जंतुसंसर्ग झाला तर बऱ्याचदा ती काढावीच लागते, म्हणजे रुग्णाला दुसरे ऑपरेशन. 'मधुमेही आधी' हा नियम बरोबर आहे, पण पू असेल तर तो मागे पडतो. त्या रुग्णाची साखर वॉर्डात सांभाळता येते. त्या दिवशी दुसरी ओटी दीडला मोकळी होत होती. पाय तिकडे हलवला असता तर पहिली ओटी ४:१० ला संपली असती. असा पर्याय तुमचे सॉफ्टवेअर सुचवत नाही, ते फक्त सहावी केस मागते.

आणि सफाईवाल्यांबद्दल. ड्रेप आणि कचरा पिवळ्या-लाल पिशव्यांत वेगळा करणे, सक्शनची बाटली बदलणे, गादी, टेबल, लाइटचे हँडल, भुलीचे मशीन, कॉटरीच्या वायरी पुसणे, फरशी, नवी चादर. जंतुनाशक पृष्ठभागावर ओले राहण्याची वेळ त्याच्या लेबलवर छापलेली असते. आमच्या द्रावणाची ती १० मिनिटे आहे. चार माणसे जास्त लावली तरी ती दहाची पाच होत नाही. तुमचा १० मिनिटांचा आकडा एवढ्यातच खर्च होतो, आणि तो रकाना तुम्ही कुलूपबंद ठेवला आहे. मावशींना स्लो म्हणणाऱ्या माणसाने एकदा ओटीत उभे राहून घड्याळ लावावे. हे अपमानास्पद आहे आणि आम्ही ते विसरणार नाही.

सर्वात धोकादायक गोष्ट भूलतज्ज्ञाची. सॉफ्टवेअरने मूल ८ ते ८:४० असे दाखवून त्याच भूलतज्ज्ञाला ८:४० ला दुसऱ्या ओटीत नेमले. ८:४० ला त्या मुलाच्या छेदाला फक्त पंधरा मिनिटे झालेली असतात. भुलीखालच्या मुलाला सोडून डॉक्टर दुसऱ्या खोलीत जाणार का? टाके पडले तरी भूलतज्ज्ञ मोकळे होत नाहीत, श्वासनलिकेतली नळी काढण्याची वेळ भूल देण्याइतकीच जोखमीची असते. इथेही मूळ तेच : एकच रकाना.

आम्हाला हवे ते असे. प्रत्येक केसला वेळेचे चार रकाने : रुग्ण आत, छेद, टाके पूर्ण, रुग्ण बाहेर. सफाईची मिनिटे आम्ही ठरवू, आणि पुवाच्या केसला वेगळी. भूलतज्ज्ञ 'रुग्ण आत' पासून रिकव्हरीला सोपवेपर्यंत बंद. एकच असलेला सेट वापरात किंवा ऑटोक्लेव्हमध्ये असेल तर पुढची केस अडवली पाहिजे. हाताने लावलेला क्रम सॉफ्टवेअरने बदलता कामा नये.

विकत घेताना तुमच्या विक्री प्रतिनिधीने 'हॉस्पिटलसाठीच बनवलेले' असे सांगितले होते, म्हणून आम्ही इतरांपेक्षा जास्त पैसे मोजले. आज ओटीच्या भिंतीवर पुन्हा खडूने फळा भरला जातो आणि तुमची स्क्रीन फक्त बिलासाठी उघडली जाते. पंधरा दिवसांत वरील बदलांची तारीख लेखी कळवा. तोपर्यंत वार्षिक देखभालीचा हप्ता थांबवला आहे. तारीख आली नाही तर करार रद्द करून उरलेल्या मुदतीचे पैसे परत मागू. आणि सपोर्टच्या त्या संभाषणाचे रेकॉर्डिंग तुम्ही स्वतः ऐका.

ओटी इन्चार्ज व भूलशास्त्र विभाग