फक्त फळाच्या फोटोवरून निदान नको : माननीय कृषिमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कृषिमंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

बुलढाणा-वाशीम भागातील आम्ही डाळिंब व पेरू बागायतदार फळावर काही दिसले की मोबाइलवर फोटो पाठवून सल्ला मागतो आणि बहुतेक वेळा फळाच्या एकाच बाजूच्या फोटोवर फवारणी ठरते. ही पद्धत बदलावी, अशी आमची विनंती आहे.

आमच्या शेजारच्या बागेत मृग बहाराची डाळिंबे तडकली. फोटो पाहून ‘तेल्या’ हा जिवाणूजन्य रोग असल्याचे उत्तर आले आणि शेतकऱ्याने महागडी फवारणी केली. प्रत्यक्षात भेगेच्या कडा स्वच्छ होत्या, सालीवर एकही काळा डाग नव्हता आणि पानेही निरोगी होती. पावसाच्या लांबलेल्या उघडिपीत ठिबक बंद राहिले होते, त्यामुळे साल कडक झाली. मग जोरदार पाऊस येताच आतले दाणे फुगले आणि साल फाटली. तेथे गरज होती ती थोड्या पण नियमित पाण्याची.

तेल्यात भेग काळपट, तेलकट डागातूनच सुरू होते आणि बहुधा इंग्रजी वाय किंवा एल अक्षरासारखी पसरते. पान उन्हाकडे धरल्यास पाणथळ डाग व त्याभोवती पिवळी कडा दिसते, तर फांदीवर पेऱ्यापाशी काळे चट्टे असतात. म्हणजे खरा पुरावा फळापेक्षा पानाफांदीवर अधिक मिळतो आणि नेमका तोच फोटोत नसतो. उलट चूक तर अधिक घातक आहे, कारण तेल्याला साधे तडकणे समजून रोगट फळे झाडावर ठेवली की पावसाच्या शिंतोड्यांनी जिवाणू बागभर जातात.

पेरूत अडचण वेगळी आहे. फळमाशीचा ताजा डंख टाचणीच्या टोकाएवढा असतो, फोटोत ते फळ निरोगी दिसते आणि ढेकण्या या रस शोषणाऱ्या किडीने टोचल्याचा खरबरीत डागही फळमाशीच्या नावावर जातो. फळ कापून गरात पांढऱ्या अळ्या दिसल्या तरच खात्री होते. अळी आत शिरल्यावर वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही, तेव्हा गळलेली फळे रोज वेचून खोल पुरणे आणि मिथाइल युजेनॉलचे सापळे वेळेवर लावणे हाच मार्ग उरतो. सापळ्यात केवळ नर माश्या येतात, हेही शेतकऱ्याला सांगायला हवे.

म्हणून गावपातळीवरील सहायक कृषी अधिकाऱ्यांना लेखी सूचना द्यावी की सल्ल्यापूर्वी भेगेचा जवळचा फोटो, उन्हाकडे धरलेले पान, पेऱ्याजवळची फांदी आणि कापलेले फळ मागवावे, तसेच पाणी केव्हा दिले व पाऊस केव्हा झाला ते विचारावे. तरीही शंका राहिल्यास बागेला भेट द्यावी आणि नमुना डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला येथे किंवा सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राकडे पाठवण्याची सोय तालुक्यातच असावी. ही सूचना पुढील मृग बहारापूर्वी निघावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक फळ बागायतदार, बुलढाणा जिल्हा